शेवटच्या हायड्रंटवर साडेतीन किलो उरतात का? रिंग मेनचा आकार ठरवण्याची पद्धत

माझ्या पहिल्या कॅम्पसच्या अग्निशमन पाइपलाइनच्या कामात हस्तांतरणाच्या दिवशी सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर गेज लावला. पाणी बंद असताना सुई सहा किलोच्या, म्हणजे जवळजवळ सहा बारच्या, पुढे होती आणि सगळे खूश होते. मग तीन हायड्रंट उघडले, सहा होजमधून पाणी सुटले आणि सुई घसरत घसरत २.९ च्या आसपास थरथरत थांबली. माझ्या हिशोबात तिथे ४.७ यायला हवे होते.

कारण तासाभरात सापडले, ते पुढे सांगतोच. पण त्या तासाभरात माझ्या हिशोबात काय राहून गेले होते तेही कळले. मी रिंग, म्हणजे कॅम्पसभोवती फिरून स्वतःलाच परत मिळणारा मुख्य पाइप, अखंड आहे असे धरून आकार ठरवला होता. अखंड रिंगवर जवळजवळ कुठलाही आकार पास होतो. रिंगचा एक तुकडा बंद असतानाही शेवटच्या हायड्रंटवर पुरेसा दाब उरतो का, हे तपासले तरच आकार ठरला असे म्हणायचे. हा लेख तेवढ्यापुरता आहे. इमारतीच्या आतले रायझर, स्प्रिंकलर, टाकीची क्षमता यात शिरत नाही.

आकडे त्याच कॅम्पसचे, थोडे गोल केलेले आहेत. तुम्ही कागद घेऊन सोबत करत गेलात तर उत्तम.

## १. आधी जमवायच्या गोष्टी

- पातळ्या दाखवणारा साइट प्लॅन. नुसता आर्किटेक्टचा लेआउट चालत नाही, त्यावर चढउतार नसतात.
- हायड्रंट, व्हॉल्व आणि चेंबर यांना क्रमांक दिलेला पाइपचा नकाशा.
- पंपाचा वक्र, म्हणजे किती प्रवाहाला किती दाब मिळतो तो आलेख. फक्त नेमप्लेटवरचा आकडा पुरत नाही.
- पाइपचा प्रकार, वर्ग आणि आतला व्यास.
- तुम्हाला लागू असलेली संहिता. भारतात बाह्य हायड्रंटसाठी आयएस १३०३९ बघतात. जोखमीचा वर्ग आणि हायड्रंटची संख्या यांवरून पंपाची क्षमता त्यातून निघते.
- एक स्प्रेडशीट. रिंगमध्ये एकापेक्षा जास्त लूप असतील तर पाइपच्या जाळ्याचा हिशोब करणारे EPANET हे सॉफ्टवेअर घ्या, ते फुकट मिळते.

आतल्या व्यासावर एवढा जोर का, ते सांगतो. घर्षणाचा तोटा व्यासाच्या ४.८७ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्यासात थोडी चूक झाली तरी उत्तर भलतीकडे जाते. मध्यम वर्गाच्या १५० च्या लोखंडी पाइपचा आतला व्यास साधारण १५५ मिमी असतो. आता कोणी म्हणाले, "जमिनीखाली एचडीपीई टाकू, १६० मिमीचा पाइप म्हणजे १५० पेक्षा मोठाच की." पण एचडीपीईचा १६० हा बाहेरचा व्यास असतो. १६ बारच्या वर्गात त्याची भिंत इतकी जाड असते की आत १३१ मिमीच उरतात. पाइप गुळगुळीत असल्याचा सगळा फायदा धरूनही तोटा लोखंडी पाइपच्या दीडपट निघतो. ही अदलाबदल खरेदीच्या वेळी, डिझाइन करणाऱ्याला न विचारता होते, म्हणून ड्रॉइंगवर आतला व्यास लिहायची सवय लावून घ्या.

## २. "सर्वात लांब" हायड्रंट शोधा

नकाशावर पंप हाउसपासून सगळ्यात दूर दिसणारा हायड्रंट बऱ्याचदा खरा अडचणीचा नसतो. चढावर असलेला किंवा रिंगपासून बारीक फाट्यावर लोंबकळणारा हायड्रंट त्याच्या आधी दम तोडतो. म्हणून एक नाही, दोन-तीन उमेदवार निवडा: एक अंतराने लांब, एक उंचीवरचा, एक फाट्याच्या टोकाचा. तिघांचा हिशोब करा आणि जिथे सगळ्यात कमी उरेल तो तुमचा हायड्रंट.

आमच्या कॅम्पसची रचना अशी होती. पंप हाउसमधून ३० मीटरचा २०० चा पाइप निघून रिंगला 'अ' या बिंदूवर मिळतो. रिंगची एकूण लांबी ८४० मीटर. पलीकडच्या टोकाला 'ब' बिंदू आहे. 'अ' पासून 'ब' पर्यंत डाव्या हाताने ३८० मीटर, उजव्या हाताने ४६० मीटर. 'ब' पासून वसतिगृहाच्या मागे ६० मीटरचा फाटा जातो आणि त्याच्या टोकाला आपला हायड्रंट. त्याचे तोंड पंपाच्या गेजपेक्षा ७ मीटर उंच.

हा फाटा मुळात ८० चा दाखवला होता. हायड्रंटची उभी नळी ८० ची असते, तर फाटाही तेवढाच, असा सरळ विचार. दर मिनिटाला ९५० लिटर वाहताना ६० मीटर लांबीच्या ८० च्या फाट्यात ०.८६ बार जातात. तोच फाटा १०० चा केला की ०.२४. एवढ्या स्वस्तात एवढा दाब दुसरीकडे कुठे वाचत नाही, म्हणून फाटे नेहमी आधी बघा.

## ३. किती पाणी आणि कुठून, हे ठरवा

आमचा पंप १७१ घनमीटर प्रति तास, म्हणजे मिनिटाला २८५० लिटर, ७ बारवर. एवढे पाणी कुठून बाहेर पडते असे धरायचे, यावर निकाल अवलंबून असतो. निम्मे पाणी लांबच्या टोकाला आणि निम्मे पंपाजवळ सोयीच्या जागी, असे धरायची पद्धतही प्रचलित आहे. मी सगळे पाणी लांबच्या टोकाला धरतो. आग वसतिगृहाला लागली असेल तर पंप हाउससमोरचा हायड्रंट कोणी कशाला उघडेल? कमी-जास्त काय धरले ते मात्र हिशोबाच्या पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर तपासणारा आणि तुम्ही वेगवेगळ्या गणितांवर वाद घालत बसता.

म्हणून: तीन दोनतोंडी हायड्रंट, प्रत्येकी ९५० लिटर. एक फाट्याच्या टोकाचा, दोन 'ब' च्या जवळ रिंगवरचे.

साडेतीन किलोचा आकडा कुठून येतो तेही इथेच कळते. ९५० चे दोन होज केले की प्रत्येकी ४७५ लिटर. ६३ मिमीचे १५ मीटरचे दोन होज जोडले तर त्यांत सुमारे ०.३ बार जातात. २० मिमीच्या नोझलमधून ४७५ लिटर सुटायला नोझलशी साधारण ३.२ बार लागतात. बेरीज साडेतीन. म्हणजे हायड्रंटच्या तोंडाशी साडेतीन उरले नाहीत तर होजमधले पाणी कमी होते आणि फवाऱ्याची फेक तोकडी पडते. किलो आणि बार यांत दोन टक्क्यांचा फरक आहे, इथे तो सोडून देतो. तुमच्या जोखमीच्या वर्गाला संहिता जास्त दाब मागत असेल तर तो आकडा घ्या, पद्धत तीच.

## ४. रिंग सोडून बाकीचा जमाखर्च मांडा

रिंगला सगळ्यात शेवटी हात घाला. आधी पंपाने दिलेल्या ७ बारमधून कोण कोण किती घेऊन जाते ते मांडा:

| बाब | बार |
|---|---|
| पंप हाउसमधले व्हॉल्व, नॉन-रिटर्न, वळणे | ०.४० |
| 'अ' पर्यंतचा ३० मीटर २०० चा पाइप | ०.०४ |
| ७ मीटर चढ | ०.६९ |
| ६० मीटरचा १०० चा फाटा | ०.२९ |
| हायड्रंटची उभी नळी आणि व्हॉल्व | ०.२० |
| एकूण | १.६२ |

पाइपच्या तोट्यांत फिटिंगसाठी २० टक्के वाढ धरलेली आहे, म्हणून फाट्याचे ०.२४ इथे ०.२९ दिसतात. बाह्य रिंगमध्ये लांब सरळ पाइप असतात, त्यामुळे पहिल्या फेरीला २० टक्के पुरतात. अंतिम हिशोबात मात्र फिटिंग मोजा: १५० च्या पाइपवर एक साधे वळण ४.३ मीटर पाइपएवढे, बाजूला वळवणारा टी ९.१ मीटर आणि पूर्ण उघडा गेट व्हॉल्व जेमतेम ०.९ मीटर पाइपएवढा तोटा करतो.

७ मधून १.६२ गेले, उरले ५.३८. हायड्रंटला ३.५ द्यायचे आहेत. म्हणजे रिंगच्या वाट्याला १.८८ बार आले. इथून पुढे लक्षात ठेवायचा आकडा हा एकच: 'अ' पासून 'ब' पर्यंत जाताना रिंगने १.८८ पेक्षा जास्त खायचे नाही.

## ५. रिंग अखंड धरून पहिला हिशोब

घर्षणासाठी हेझन-विल्यम्सचे सूत्र:

```
p = 605000 * Q^1.85 / (C^1.85 * d^4.87)
```

यात `p` म्हणजे दर मीटरला बार, `Q` लिटर प्रति मिनिट, `d` आतला व्यास मिमीमध्ये. `C` हा पाइप आतून किती गुळगुळीत आहे ते सांगणारा आकडा, नव्या लोखंडी पाइपला तो १२० धरतात.

अखंड रिंगमध्ये पाणी 'अ' ला दोन हातांत वाटले जाते आणि 'ब' ला पुन्हा भेटते. भेटीच्या जागी दाब एकच असतो, म्हणून दोन्ही हातांतला तोटा सारखा यावा लागतो. दोन्ही हात एकाच व्यासाचे असतील तर वाटणी सोपी: प्रवाहांचे गुणोत्तर म्हणजे लांबींच्या उलट गुणोत्तराचा ०.५४ वा घात. ४६० भागिले ३८० म्हणजे १.२१, त्याचा ०.५४ वा घात १.११. म्हणून डाव्या हातातून सुमारे १५०० आणि उजव्यातून १३५० लिटर.

आमच्या रिंगच्या १५० च्या पाइपमध्ये १५०० लिटरला ३८० मीटरमध्ये ०.५३ बार. उजव्या हाताचा हिशोब वेगळा केला तरी ०.५३ च येतात. ते आले नाहीत तर वाटणी चुकली असे समजा. फिटिंगसह ०.६४.

परवानगी १.८८, खर्च ०.६४, हायड्रंटवर उरले ४.७४. मी इथे थांबलो होतो. वर "१२५ चा पाइपही चालला असता" असे कोणीतरी म्हणाले आणि मी मान डोलावली होती.

## ६. आता एक तुकडा बंद करा

रिंग कशासाठी घालतो? पाइप फुटला, चेंबरमध्ये गळती झाली, खोदकामाच्या यंत्राचा दात लागला, तर तेवढा तुकडा बंद करून बाकीच्या हायड्रंटना दुसऱ्या हाताने पाणी मिळावे म्हणून. मग तुकडा बंद असतानाचा दाब न तपासता रिंगचा आकार ठरवणे म्हणजे स्टेपनीत हवा आहे का ते न बघता गाडी काढण्यासारखे.

'ब' च्या डावीकडचा तुकडा बंद करा. आता सगळे २८५० लिटर उजव्या हाताने, ४६० मीटर जातात. प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला, पण तोटा दुप्पट होत नाही. प्रवाहाचा १.८५ वा घात धरायचा, म्हणजे दुप्पट प्रवाहाला साधारण साडेतीन पट तोटा. वर उजवा हात लांबही आहे.

१५० च्या पाइपमध्ये २८५० लिटरला दर १०० मीटरला ०.४६ बार जातात. ४६० मीटरला २.१०, फिटिंगसह २.५२. परवानगी १.८८ ची होती. हायड्रंटवर उरतात २.८६.

उजवा तुकडा बंद केला तर सगळे पाणी डाव्या हाताने: फिटिंगसह २.०८, हायड्रंटवर ३.३०. तोही नापास.

वेगाने काही कळले असते का? २८५० लिटरला १५० च्या पाइपमध्ये वेग सेकंदाला अडीच मीटर येतो, यात कोणाला खटकावे असे काही नाही. वेगाच्या मर्यादेवरून आकार ठरवणारे इथेच फसतात. लांब रिंगमध्ये वेग आटोक्यात असतानाही दाब संपतो.

आता सुरुवातीच्या त्या २.९ कडे परत येऊ. गेज बघून मी पंपाला, गाळणीला, गेजला, सगळ्यांना दोष देऊन झाले होते. आमचे जुने फिटर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी विचारले, "साहेब, एकीकडूनच पाणी येत असेल तर किती यायला पाहिजे?" तिथेच चेंबरच्या झाकणावर बसून हिशोब केला. २.८६ आले. डावी बाजू बंद! तिकडच्या तिसऱ्या चेंबरमधला गाळ उपसला तर दाबचाचणीच्या वेळी बंद केलेला स्लूस व्हॉल्व तसाच बंद होता. उघडला, सुई ४.६ वर गेली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि काका म्हणाले, "आणि उद्या तिथं खरंच पाइप फुटला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तुकडे बंद करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कागदावर बंद केलेला तुकडा प्रत्यक्षात बंद करायला व्हॉल्व आहेत का ते बघा. 'अ' सारख्या टीवर रिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक व्हॉल्व हवा. नुसता पंपाकडून येणाऱ्या पाइपवर व्हॉल्व असेल तर 'अ' शेजारी काहीही फुटले की पूर्ण रिंग जाते आणि तुमचा हिशोब कल्पनेतला ठरतो. दुसरी, प्रत्येक तुकडा आळीपाळीने बंद करा. पंपाजवळचा तुकडाच सगळ्यात वाईट असे आधी ठरवून टाकू नका. एका साध्या रिंगमध्ये डावा हात कुठेही बंद झाला तरी 'ब' साठी निकाल एकच असतो, पण मधे दोन हातांना जोडणारा दुवा आला की निकाल बदलतात.

## ७. मार्ग निवडा: पाइप मोठा की आडवा दुवा

आमच्यापुढे चार मार्ग होते.

पूर्ण रिंग २०० ची करायची. मग तुकडा बंद असतानाही रिंग फक्त ०.६३ बार खाते. १५० ची अखंड रिंग जेवढे खाते जवळपास तेवढेच! गणित सुंदर, पण ८४० मीटर पाइप आणि सगळे व्हॉल्व बदलायचे.

दोन्ही हातांचे पंपाकडचे भाग २०० चे करायचे. उजवीकडे २६० आणि डावीकडे १५० मीटर बदलले तर वाईटात वाईट खर्च १.४७ येतो. चालते, पण एकूण ४१० मीटर मोठा पाइप लागतो. इथे एक सापळा आहे: फक्त लांबचा हात मोठा करून लोक थांबतात. तो हात बंद झाला की आखूड पण बारीक हातावर सगळा भार येतो, आणि आपल्या उदाहरणात तो एकटा ३.३० च देतो.

पंपाचा हेड, म्हणजे तो देतो तो दाब, वाढवायचा. हा मार्ग कागदावर सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात मोहात पाडणारा. त्याची किंमत जवळचा हायड्रंट मोजतो, ते नवव्या टप्प्यात.

चौथा मार्ग आडवा दुवा. डाव्या हाताचा मध्य, म्हणजे 'अ' पासून १९० मीटरवर, आणि उजव्याचा मध्य, २३० मीटरवर, यांना जोडणारा १२० मीटरचा १५० चा पाइप. आता एका मोठ्या रिंगच्या दोन छोट्या रिंगा झाल्या. कुठलाही एक तुकडा बंद झाला तरी सगळे पाणी एकाच पाइपमधून जायचे अंतर निम्मे होते, उरलेल्या निम्म्यात पाणी दोन वाटांनी जाते. 'ब' जवळची डावी बाजू बंद धरली तर:

- 'अ' पासून उजव्या मध्यापर्यंत दोन वाटा, सरळ २३० मीटर आणि डावीकडून फिरून ३१० मीटर. तोटा ०.३४.
- तिथून 'ब' पर्यंत २३० मीटर एकच वाट, पूर्ण २८५० लिटर. तोटा १.०५.
- बेरीज १.३९, फिटिंगसह १.६७.

परवानगीत बसले, हायड्रंटवर ३.७१ उरले. फक्त १२० मीटर १५० च्या पाइपवर! मला मात्र दोन दशांशांची ही शिल्लक थोडी वाटली, म्हणून उजव्या हाताचा पहिला २३० मीटरचा भाग २०० चा केला. प्रत्येक तुकडा आळीपाळीने बंद करून बघितला, वाईटात वाईट खर्च १.४३ आणि हायड्रंटवर ३.९५.

दुव्याच्या दोन्ही टोकांच्या टीवर तिन्ही बाजूंना व्हॉल्व लागतात, म्हणजे सहा. ते वाचवायला कोणी दुव्यावर मधे एकच व्हॉल्व टाकला तर टीशेजारी फुटल्यावर दोन्ही छोट्या रिंगा एकदम तुटतात आणि दुवा घातल्याचा उपयोग संपतो.

दोन रिंगांपर्यंत हाताने गणित जमते, त्यापुढे EPANET मध्ये घाला. प्रवाहाचे एकक LPM निवडले की लांबी मीटरमध्ये आणि व्यास मिमीमध्ये द्यायचा असतो. तुकडा बंद करायला त्या पाइपची स्थिती `Closed` करायची. एक सावधगिरी: तुम्ही दिलेली मागणी ते सहसा पूर्ण झालेलीच धरते, मग दाब ऋण आला तरी. ऋण दाब दिसला तर "एवढे पाणी जाणारच नाही" असा त्याचा अर्थ.

## ८. पाइप म्हातारा झाल्यावर

`C` १२० हा नव्या पाइपचा आकडा. आतून गंज आणि थर चढले की १०० धरावा, तेव्हा घर्षणाचा प्रत्येक तोटा १.४ पट होतो. चढाचा होत नाही, हे विसरू नका. स्प्रेडशीटमध्ये एकूण बेरजेलाच १.४ ने गुणणारे पाहिले आहेत.

आमच्या अंतिम रचनेत जुना पाइप आणि बंद तुकडा ही दोन्ही संकटे एकदम धरली तर ३.२४ उरतात. प्रत्यक्षात पाणी थोडे कमी जाईल आणि त्यामुळे पंपाचा दाब थोडा वर राहील, म्हणून चित्र याहून किंचित बरे असेल. ते मान्य करायचे की अजून पाइप मोठा करायचा, हा मालकाने आणि अग्निशमन अधिकाऱ्याने मिळून घ्यायचा निर्णय आहे. तुमचे काम आकडा झाकून न ठेवण्याचे.

## ९. जवळच्या हायड्रंटकडेही बघा

अग्निशमन पंपाचा दाब प्रवाह कमी झाला की वाढतो. सात बारचा पंप पाणी बंद असताना २० टक्क्यांनी वर गेला तर ८.४ होतात. पंप हाउससमोर एकच होज उघडला तर त्या हायड्रंटवर जवळजवळ तेवढाच दाब येतो. नवख्या सुरक्षारक्षकाच्या हातून नोझल सुटून ते सापासारखे फणा काढताना मी बघितले आहे. सातच्या वर जाणाऱ्या हायड्रंटवर दाब कमी करायची सोय करा. आणि आता कळेल की पंपाचा हेड वाढवणे हा मार्ग मी का टाळला: लांबच्याला एक बार जास्त द्यायला जवळच्या प्रत्येकाला एक बार जास्त द्यावा लागतो.

पाइप आणि व्हॉल्वचा वर्गही याच बंद प्रवाहाच्या दाबावरून ठरवा, सातवरून नाही.

## १०. जागेवर मोजा

पाणी वाहत नसतानाचा दाब बघून सही करू नका. तेव्हा घर्षण शून्य असते. बोटभर जाडीच्या पाइपनेही तोच आकडा दाखवला असता. उलट दाब टिकवून धरणाऱ्या छोट्या जॉकी पंपाने रिंग फुगवून ठेवलेली असते, त्यामुळे आकडा आणखी गोंडस दिसतो.

आमची चाचणी अशी होते:

लांबच्या हायड्रंटचा व्हॉल्व पूर्ण उघडा आणि व्हॉल्व व होज यांच्या मधे गेज असलेला तुकडा बसवा. त्यावर आणि शेजारच्या दोन हायड्रंटवर मिळून सहा होज, २० मिमीच्या नोझलसह. जॉकी पंप बंद, मुख्य पंप चालू. पंपाजवळ एक माणूस रेडिओ घेऊन. त्याच्या गेजवर ७ बार येईपर्यंत शेजारच्या दोन हायड्रंटचे व्हॉल्व कमी-जास्त करा. पंप ७ वर आला म्हणजे वक्राप्रमाणे तो २८५० लिटर देतो आहे. पंप हाउसच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर फ्लो मीटर असेल तर त्याने खात्री करा. लांबच्या हायड्रंटचा व्हॉल्व मात्र हलवू नका, तो आवळला की गेज त्या व्हॉल्वमधला तोटा दाखवू लागतो. सुई दोन-तीन मिनिटे स्थिर राहिली की दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी लिहा.

मग डावा तुकडा बंद करून पुन्हा. उजवा बंद करून पुन्हा. व्हॉल्व बंद करताना आणि उघडताना चाकाचे फेरे मोजा आणि चेंबरच्या आत रंगाने लिहून ठेवा. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व डोळ्यांना दिसत नाही, फेऱ्यांच्या हिशोबात सापडतो.

हिशोब आणि गेज यांत दोन-तीन दशांशांचा फरक राहतोच. त्याहून मोठी तफावत आली तर तिचा आकार काहीतरी सांगत असतो. आलेला आकडा एखाद्या बंद तुकड्याच्या हिशोबाशी जुळत असेल तर आधी ते चेंबर उघडा. कुठल्याच हिशोबाशी जुळत नसेल आणि पंपाचा गेजही खाली असेल तर सक्शनची गाळणी बघा. पंप ठीक, रिंगवरचे शेजारचे हायड्रंट ठीक आणि फक्त टोकाचा कमी, तर दोष फाट्यात: फाट्याचा व्हॉल्व नाहीतर पाइपात राहिलेली वेल्डिंगची मळी, गोणपाट, एकदा तर चक्क हातमोजा निघाला.

हे सगळे आकडे एका पानावर येतात: रिंग अखंड, डावा बंद, उजवा बंद, दुवा बंद, प्रत्येकासमोर हिशोबाचा दाब आणि मोजलेला दाब. ते पान लॅमिनेट करून पंप हाउसच्या भिंतीवर, पंपाच्या गेजशेजारी लावा. आमच्या त्या कॅम्पसवर दर सहा महिन्यांच्या चाचणीला काका आधी ते पान वाचतात आणि मगच होज उलगडतात.